तापीकाठ मसाले उद्योग, नंदुरबार : निर्यातीसाठी लाल मिरची आणि मिरची पावडर

नंदुरबार बाजारात ओली लाल मिरची येते. ती पथारीवर वाळते, देठ खुडले जातात, आणि मग माल आमच्या कारखान्यात येतो. आम्ही तीन प्रकारचा माल देतो: देठासहित अख्खी मिरची, बिनदेठाची मिरची आणि पावडर. परदेशातले मराठी आयातदार आणि किराणा वितरक यांच्यासाठी हा मजकूर आहे. चौकशी हिंदी किंवा इंग्रजीतही चालेल.

माल

पावडरीचा रंग ६० ते ८० आस्टा आणि तिखटपणा २०,००० ते ३०,००० एसएचयू असतो. ओलावा १० टक्क्यांच्या आत, दळण ४० मेश. याहून गडद रंग हवा असेल तर आमच्या भागातली मिरची पुरणार नाही, त्यासाठी ब्याडगी घ्यावी लागते. अशा मिश्रणाचा भाव वेगळा पडतो आणि मिश्रण केल्याचे कागदावर लिहिलेले असते. रंग किंवा तेल वरून घालत नाही. पावडरीचा सीमाशुल्क शीर्षांक ०९०४२२ आणि अख्ख्या मिरचीचा ०९०४२१.

हंगाम हिवाळ्याचा. पथारीवर माल असताना अवकाळी पाऊस आला तर मिरची आतून काळवंडते आणि बुरशी धरते. असा माल वरून लाल दिसतो, म्हणून मूठभर मिरची मधून फोडून बघितल्याशिवाय लॉट घेत नाही. हंगामानंतर माल शीतगृहात राहतो. उन्हाळ्यात साध्या गोदामात ठेवलेल्या पावडरीचा रंग झपाट्याने उतरतो, त्यामुळे दळण ऑर्डर आल्यावरच करतो.

नोंदणी आणि प्रमाणपत्रे

आयात-निर्यात कोड, स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी, एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना, आयएसओ २२०००, हलाल प्रमाणपत्र आणि अमेरिकेच्या एफडीएची नोंदणी आहे. प्रती चौकशीच्या उत्तरासोबत पाठवतो. सेंद्रिय प्रमाणपत्र नाही. कुणी आमच्या नावाने सेंद्रिय मिरची देत असेल तर तो माल आमचा नाही.

प्रमाणपत्र कारखान्याचे असते, पण बंदरात तपासला जातो तो लॉट. म्हणून प्रत्येक लॉटचा अहवाल एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून काढतो. युरोपसाठी अफ्लाटॉक्सिन बी१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत आणि एकूण अफ्लाटॉक्सिन १० च्या आत लागते, ऑक्रॅटॉक्सिन ए २० च्या आत. सुदान रंगाचा अंश चालत नाही. इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेला माल युरोपात अडकतो, म्हणून निर्जंतुकीकरण वाफेवर, बाहेरच्या केंद्रात करून घेतो. त्यात रंग थोडा उतरतो. तेवढी घट धरूनच आस्टा ठरवावा.

नमुना

पावडर किंवा मिरचीचे २५० ग्रॅमचे तीन नमुने मोफत. कुरिअरचा खर्च खरेदीदाराचा. पहिल्या ऑर्डरच्या बिलातून तो वजा होतो. त्याच नमुन्याचा दुसरा भाग सीलबंद करून आमच्याकडे १२ महिने ठेवतो, वाद झाला तर तोच उघडायचा.

प्रयोगशाळेसाठी किमान १ किलो मागवा. बुरशीचे विष सगळ्या मालात सारखे पसरलेले नसते. एका पोत्यातली मूठ स्वच्छ निघते आणि शेजारचे पोते नापास होते. माल पसंत पडल्यावर, भरणीआधी, त्याच लॉटच्या अनेक पोत्यांतून काढलेला एकत्रित नमुना पुन्हा पाठवतो. तो मंजूर झाल्याशिवाय कंटेनर भरत नाही. अमेरिकेला नमुना पाठवतानाही एफडीएला पूर्वसूचना द्यावी लागते, त्यासाठी घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता आधीच कळवा.

भरणी आणि पैसे

पावडर २५ किलोच्या कागदी पिशवीत, आत पॉलिथिनचे अस्तर. अख्खी मिरची तागाच्या पोत्यात. किमान ऑर्डर ५०० किलो, तीही सामायिक कंटेनरमध्ये. शेजारी उग्र वासाचा माल आला तर मिरचीला वास लागतो, म्हणून शक्यतो पूर्ण २० फुटी कंटेनर घ्यावा. पावडर साधारण १४ टन बसते. कंटेनरच्या छताला रात्री दव धरून पाणी ठिबकते. त्यासाठी ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो आणि वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरतो.

भाव एफओबी न्हावा शेवा किंवा हजिरा, मागितल्यास सीआयएफ. ३० टक्के आगाऊ, उरलेले कागदपत्रांवर. पूर्ण कंटेनरला साइट एलसी चालते. आगाऊ रक्कम आणि नमुना-मंजुरी दोन्ही मिळाल्यापासून २१ दिवसांत माल निघतो. वाफेवर निर्जंतुक करायचा असल्यास ३० दिवस धरा.

बीजक, पॅकिंग लिस्ट, उगम प्रमाणपत्र आणि लॉटचा अहवाल सोबत असतो. लागेल तिथे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही. अमिरातीच्या खरेदीदारांनी मे २०२२ पासून लागू असलेल्या भारत-अमिरात कराराखालचे उगम प्रमाणपत्र हवे का, ते ऑर्डरच्या वेळीच सांगावे.

चौकशी करताना हे लिहा

देश आणि बंदर, अख्खी की पावडर, आस्टा, एसएचयू आणि मेश, वाफेवर निर्जंतुक हवा की नको, प्रमाण आणि कधी हवा, पिशवीचे वजन, लेबल कोणत्या भाषेत, आयातदाराचा परवाना क्रमांक. नुसते «मिरचीचा भाव कळवा» असे आले तर उत्तरात हेच प्रश्न परत येतील आणि दोन दिवस वाया जातील. पूर्ण चौकशीचे उत्तर भावासह दोन कामकाजाच्या दिवसांत देतो. भाव सात दिवस पक्का राहतो. आवकेप्रमाणे बाजार रोज हलतो, त्याहून लांब मुदत देता येत नाही.