ओवीच्या फोटोंबद्दल एक विनंती

सगळ्यांना नमस्कार.

गणपतीची तयारी सगळीकडे सुरू झाली असेल. ज्यांची चिपळूणची तिकिटं अजून वेटिंगवर आहेत, त्यांचीही कन्फर्म होवोत. सगळे घरी जमण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. मंदारशी बोलून, आम्हा दोघांच्या वतीने लिहितेय. मेसेज लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा.

ओवीचे फोटो आणि व्हिडिओ कृपया फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप स्टेटस किंवा डीपीवर टाकू नका. या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवरही पाठवू नका, मग तो वाडीचा असो, भजनी मंडळाचा असो की शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा.

आजवर ज्यांनी टाकले त्यांनी कौतुकानेच टाकले, याबद्दल मनात जराही शंका नाही. शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा नानाकाकांनी ओवीला खांद्यावर घेतलं होतं, तो फोटो मी अजून काढून काढून बघते. त्यामुळे हे कोणा एकाला उद्देशून लिहिलंय असं कृपा करून समजू नका.

मे महिन्यात गुहागरच्या बाजारात एका गृहस्थांनी तिला नावाने हाक मारली. "ओवी ना तू? शाळा आवडते का?" ओळखीचंच कोणी असेल असं वाटून ती माझा हात सोडून त्यांच्याकडे गेली. माणूस भला होता, आपल्याच नात्यातल्या कोणाच्या तरी ओळखीचा. फोटोवरून त्यांनी तिला ओळखलं होतं. मी मात्र त्यांना पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यांना तिचं नाव, चेहरा आणि गणवेशावरून शाळासुद्धा माहीत होती. चार वर्षांच्या मुलीला नावाने हाक मारणारा प्रत्येक जण आपलाच वाटतो. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

स्टेटस काय, घरचेच बघतात, असं आपल्याला वाटतं. पण आंब्याच्या सीझनला पेट्यांच्या ऑर्डरी घेताना किती गिऱ्हाइकांचे नंबर सेव्ह होतात ते आठवा. त्यांनीही आपला नंबर सेव्ह केलेला असतो, आणि वेगळं सेटिंग केलेलं नसेल तर त्या सगळ्यांना आपलं स्टेटस दिसतं. चोवीस तासांनी ते जातं खरं, पण तेवढ्यात कोणी स्क्रीनशॉट काढला तर तो त्याच्याकडे कायमचा राहतो. हल्ली साध्या फोटोवरून घाणेरडे बनावट फोटो तयार करतात, तेही लहान मुलांचे. लिहितानाही अंगावर काटा येतोय, पण आई म्हणून याकडे डोळेझाक करता येत नाही.

आणि फेसबुक, इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं उघडायलाही वय 13 पूर्ण लागतं. ओवी मोठी झाली की काय टाकायचं ते तिचं ती ठरवेल. तोवर तिचा चेहरा चारचौघांत आपण मांडायला नको.

फोटो काढूच नका असं मात्र अजिबात म्हणत नाही! भरपूर काढा. आरतीत टाळ वाजवताना काढा, गौरीच्या दिवशी परकर-पोलक्यात काढा, आणि इथे ग्रुपवर टाका. घरातल्या गणपतीचा फोटो फेसबुकवर टाकायचा असेल आणि मागे ओवी दिसत असेल, तर तेवढा भाग कापा किंवा ती नसलेला फोटो निवडा. वाढदिवसाला शुभेच्छा इथेच द्या. पूर्ण नाव, तारीख आणि फोटो एकत्र बाहेर जायला नको. पडवीत टपात बसून आंघोळ करतानाचे फोटो मात्र कुठेच नकोत, या ग्रुपवरसुद्धा. ते काढलेच नाहीत तर जास्त बरं.

आधी टाकलेले फोटोही सवडीने काढून टाकाल का? फेसबुकवर आपल्या पोस्टच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, ती दाबली की Move to trash असं येतं. माईआत्या, तुम्हाला जमलं नाही तर राहू दे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही पोचतोय, तेव्हा मी तुमच्या शेजारी बसून करून देईन. वहिनी, तुमच्या डीपीवर ओवी आणि तुम्ही दोघी आहात, तो फोटो मला फार आवडतो, तरी बदलाल ना? त्याची मोठी प्रिंट काढून फ्रेम करून आणते तुमच्यासाठी. मुंबईच्या मुलांनो, रील करताना ओवी मध्ये आली तर तेवढा तुकडा वगळा.

दूर असलेल्यांना तिची खबरबात कळावी म्हणून दर रविवारी मी इथे नवे फोटो टाकत जाईन. आजीकडे स्मार्टफोन नाही, तिच्यासाठी छापील अल्बम करून आणतेय.

वाचून झालं की इथे नुसतं "ठीक आहे" लिहिलंत तरी पुरे. कोणाला हे पटत नसेल किंवा माझ्या लिहिण्याने वाईट वाटलं असेल, तर मनात ठेवू नका, मला सरळ फोन करा. रात्री नऊनंतर ओवी झोपलेली असते, तेव्हा निवांत बोलता येईल.

तुमची,
केतकी (आणि मंदार)