येण्याआधीचा पहिला फोन : कुडाळहून आर्वीजवळच्या गावी

ईशा : नमस्कार काकू. मी कुडाळहून ईशा बोलते. कॉलेजच्या अदलाबदलीत डिसेंबरात तुमच्याकडे राहायला येणार आहे ना, तीच. आत्ता वेळ आहे का, की मागाहून करू?

काकू : हाव, बोल न बाई. आताच वावरातून आली मी, कापूस वेचणं चालू हाये. तुले माहं बोलणं समजते न?

ईशा : समजतं. अडलं तर विचारीन. काकू, महिनाभर घरात ठेवून घ्यायला तुम्ही लगेच हो म्हणालात, आईला आणि मला फार बरं वाटलं.

काकू : त्यात काय! जानेवारीत आमची प्रणाली तुमच्या घरी येते न. तुले येकटीले खोली पाहिजे का?

ईशा : नको. प्रणालीसोबतच झोपेन. आणि सकाळी वेचायला मलाही न्या. हात हळू चालेल, पण शिकेन.

काकू : नेतो न. मासोळीबिगर जमन का तुले? मार्गशीर्षात आमच्या घरी मटणबी होत नाई.

ईशा : जमेल. भाकरी आवडते मला. एक मात्र आत्ताच सांगते, मला शेंगदाणा अजिबात चालत नाही. चिमूटभर कूट पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. औषध जवळ असतंच, पण तुम्हाला आधी माहीत हवं.

काकू : अरे देवा! आमच्या भाज्याइत त कूट राह्यतेच. जवस चालते का? तीळ?

ईशा : दोन्ही चालतात. खोबरंही.

काकू : मंग होते सारं. पातोडीचा रस्सा खोबरं-खसखस वाटून करतो. तेल सोयाबीनचं हाये. कढई, झारा तुयासाठी अलगच ठेवतो. शेजारच्या घरीबी सांगून ठेवतो, ते आल्यागेल्याच्या हातावर लाडू ठेवतेत.

ईशा : काकू, तुमचं काम वाढतंय. पण याची खरंच गरज आहे, म्हणून नको म्हणत नाही.

काकू : कढई घासाले कायचं काम! येतं कशी?

ईशा : मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसनं. सकाळी पुलगावला उतरेन, तिथून आर्वीची एसटी धरते.

काकू : एसटी नको. प्रणालीचे बाबा येतेत गाडी घेऊन. सकाळी थंडी लय राह्यते, स्वेटर वरच ठेवजो, बॅगीत नको कोंबू.

ईशा : बरं. घरच्या झाडाची कोकमं आणते तुमच्यासाठी. आई इथेच आहे, तिला बोलायचंय. देऊ?

काकू : दे न, ताईले दे.

आई : नमस्कार ताई. शेंगदाण्याचं सांगितलं ना तिनं?

काकू : सांगतलं जी, पह्यले तेच सांगतलं. मोठा दवाखाना आर्वीले हाये, घरी मोटारसायकल उभीच राह्यते. औषधाचं नाव तेवढं प्रणालीच्या व्हॉट्सॲपवर धाडा, मी तिच्या बाबाले दाखवून ठेवतो.

आई : आत्ताच पाठवते.