लाल शाईच्या जागा: सरांना पत्र

परभणी,
१२ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मार्च २००४ मध्ये आपल्या गंगाखेडच्या शाळेतून दहावीची परीक्षा दिलेली मी आपली विद्यार्थिनी. इतक्या वर्षांत आपल्या हाताखालून किती मुले गेली असतील याची मला कल्पना आहे, त्यामुळे माझा चेहरा आपल्याला आठवला नाही तरी त्यात वावगे काही नाही. ज्या एका तासामुळे हे पत्र लिहीत आहे, तो मात्र मी विसरू शकलेले नाही.

त्या दिवशी आपण मला पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता लिहायला फळ्यापाशी बोलावले होते. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा, त्यामुळे होणारे दोन्ही लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप असतात, हे सारे मला गाइडमधल्या ओळींच्या क्रमाने तोंडपाठ होते. आपण एवढेच केले, की आकृतीतील एबीसी पुसून पीक्यूआर लिहिले आणि त्रिकोण थोडा फिरवून काढला. मी दुसऱ्याच ओळीवर थांबले. कोणती बाजू कोणत्या बाजूशी प्रमाणात आहे हे मला सांगता येईना, कारण ते मी कधी पाहिलेच नव्हते. आपण रागावला नाहीत. "पोरी, तुला पान पाठ आहे, प्रमेय नाही," एवढेच म्हणालात आणि मधल्या सुट्टीत भेटायला सांगितलेत.

तोपर्यंत अभ्यास म्हणजे ओसरीवर बसून मोठ्याने घोकणे, अशीच आमच्या घरी समजूत होती. आवाज थांबला की आई आतून विचारायची, "झाला का अभ्यास?" आपण मला सांगितलेत, की धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटवायचे आणि आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर आपल्या शब्दांत लिहायचे, आठवणार नाही तिथे अंदाजाने काही न भरता जागा सोडायची, नंतर पुस्तक उघडून फक्त त्या जागा लाल शाईने भरायच्या आणि दुसऱ्या दिवसाचा अभ्यास त्या लाल शाईपासून सुरू करायचा. कागदाला पैसे कुठले, हे मी बोलण्याआधीच आपण जुन्या चाचण्यांच्या एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्या हाती दिलात.

पहिल्या रात्री अर्ध्याहून अधिक पान रिकामे राहिले. येते असे वाटणारे आणि खरोखर येणारे यांत केवढे अंतर आहे, ते त्या रिकाम्या जागांनी मला दाखवले, आणि खरे सांगायचे तर मी घाबरले. परंतु चौथ्या-पाचव्या दिवशी लाल शाई कमी होऊ लागली. त्या काळात भारनियमनामुळे संध्याकाळी तासन्‌तास वीज नसायची. इतर मुलींचा अभ्यास तेव्हा थांबायचा. मी मात्र अंधारात अंगणात बसून डोक्यातल्या डोक्यात धडा मांडत असे आणि अडलेली जागा लक्षात ठेवून दिवे आले की तेवढीच उघडून पाहत असे. आईला हा आवाज नसलेला अभ्यास पटायला सहामाहीचा निकाल यावा लागला.

पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठात पदवीचे सारे शिक्षण इंग्रजीत सुरू झाले, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा अनेकांचे पाय लटपटले. मृदाशास्त्राच्या पुस्तकात मॉन्टमोरिलोनाइट हा शब्द प्रथम वाचला, तेव्हा तो घोकण्याचा मोह झाला होता. त्याऐवजी मी पुस्तक मिटवून मराठीत लिहिले: 'आपल्या काळ्या जमिनीत ही चिकणमाती असते, तिच्या थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात.' वडिलांच्या शेतातल्या ज्या भेगांत लहानपणी माझा हात कोपरापर्यंत जायचा, त्यांचे कारण मला त्या कागदावर सापडले. त्यानंतर इंग्रजी शब्दाची भीती उरली नाही.

आज मी कृषी खात्यात काम करते. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक झाल्यावर मी पत्रक लगेच वाटत नाही. आधी शेतकऱ्यांनाच क्रम सांगायला लावते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी, हे त्यांच्या तोंडून आले की मगच पत्रक देते. हे आपलेच आहे, सर.

गेल्या आठवड्यात नववीतली भाची ओसरीवर मोठ्याने घोकताना ऐकली आणि आपल्याला पत्र लिहायला एवढा उशीर केल्याची फार खंत वाटली. आपण दिलेल्या त्या गठ्ठ्यातील काही कागद मी अजून जपून ठेवले आहेत. पोळ्यानंतरच्या रविवारी तिला घेऊन गंगाखेडला येत आहे. तेव्हा ते सोबत आणीन. आपली आणि काकूंची प्रकृती चांगली असेल, अशी आशा करते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
सुनंदा