मृण्मयीच्या नडगीची दुखापत आणि सरावात टप्प्याटप्प्याने परतण्याबाबत

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मी नववी 'ब'मधील मृण्मयीची आई. मृण्मयी जुलैपासून सरावाला का येत नाही हे आपल्याला फोनवर थोडक्यात कळवले होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी काल तिला पुन्हा तपासून धावण्यास हळूहळू सुरुवात करण्याची परवानगी दिली आहे, म्हणून सर्व तपशील लेखी कळवत आहे.

तिच्या डाव्या नडगीच्या हाडाला, आतल्या बाजूने, घोट्याच्या साधारण चार बोटे वर स्ट्रेस फ्रॅक्चर झाले होते. पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळे होणारे हे फ्रॅक्चर नव्हे. हाडावर रोज पडणारा ताण भरून निघण्याआधीच पुढचा ताण पडत गेला की हाडाला बारीक भेग जाते. जूनमध्ये आपल्याला आणि आम्हालाही ते नेहमीचे नडगीचे दुखणे वाटले होते. त्या दुखण्यात नडगी लांबवर ठणकते. मृण्मयीचे मात्र एकाच जागी, बोट ठेवले तरी दुखत होते आणि शेवटी शेवटी रात्री झोपेतही दुखू लागले. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच आढळले नाही, कारण अशी भेग सुरुवातीच्या आठवड्यांत त्यात बहुधा दिसत नाही. १८ जुलैला एमआरआय केल्यावर निदान झाले.

कारण एकच नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. वर्षभरात तिची उंची झपाट्याने वाढली, मे महिन्याच्या सुट्टीत सराव बंद होता आणि जूनमध्ये एकदम आठवड्याचे सहा दिवस सुरू झाला. त्यातच पावसामुळे मैदानात चिखल झाल्याने धावणे डांबरी रस्त्यावर आणि यवतेश्वरच्या घाटात गेले. रविवारी ती आमच्या नकळत आणखी धावत होती, हेही आता कळले. यात आपला दोष आहे असे आम्हाला अजिबात वाटत नाही. आणखी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहिते, कारण ती आपल्याला माहीत असणे आवश्यक आहे. सरावाच्या मानाने तिचा आहार अपुरा पडत होता, डी जीवनसत्त्व कमी होते आणि पाळीही काही महिने अनियमित झाली होती. या तिन्हींचा संबंध हाडांच्या बळकटीशी असल्याने उपचार सुरू आहेत. ही बाब आपल्यापुरतीच ठेवावी आणि मैदानावर तिच्यासमोर वजन कमी करण्याचा विषय निघू नये, ही विनंती.

आठ आठवडे धावणे, उड्या मारणे पूर्ण बंद होते. आता ती अर्धा तास भरभर चालते, पायऱ्या चढते-उतरते, पण दुखत नाही आणि हाड दाबल्यावरही वेदना होत नाही. येत्या सोमवारपासून ती एक दिवसाआड मैदानावर येईल. लागोपाठ दोन दिवस धावायचे नाही. पहिल्या आठवड्यात एक मिनिट सावकाश धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. त्यानंतर दर आठवड्याला धावणे थोडे वाढवत आणि चालणे कमी करत पाचव्या आठवड्यापर्यंत सलग वीस मिनिटे. तोपर्यंत फक्त मातीचे मैदान आणि नेहमीचे बूट. स्पाइक्स, चढ-उतार, उड्या आणि वेगाच्या फेऱ्या नकोत. वेग त्यानंतर वाढवायचा आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. मधल्या दिवशी ती पोहणे किंवा सायकल आणि फिजिओथेरपिस्टनी दिलेले पोटऱ्यांचे व कमरेचे व्यायाम करेल.

धावताना, नंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी दुखले, तर त्या दिवशी धावणे बंद. दुखणे पूर्ण थांबेपर्यंत विश्रांती आणि मग आधीच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात. दुखणे परत आले तर आम्ही डॉक्टरांकडे जाऊ.

सर, माझी खरी काळजी इथेच आहे. मृण्मयी दुखणे लपवते. जूनमध्ये लंगडत घरी येऊनही तिने 'पाय मुरगळला' एवढेच सांगितले होते, कारण १५०० मीटरच्या संघातली जागा जाईल अशी तिला भीती होती. त्यामुळे 'सर, मी बरी आहे, आणखी दोन फेऱ्या मारते' असे ती म्हणाली, तरी कृपया वेळापत्रकच प्रमाण मानावे. ती लंगडताना किंवा नडगी चोळताना दिसली तर तिला थांबवून मला लगेच फोन करावा. तिचे आपल्यावर फार प्रेम आहे. आपण थांब म्हणालात तर ती थांबेल, आमचे मात्र ऐकेलच असे नाही.

यंदाच्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत ती धावणार नाही, हे आम्ही तिला सांगितले आहे. ती खूप रडली. तरीही तिला संघासोबत राहू द्यावे. वेळ नोंदवणे, लहान गटाचा सराव घेणे अशी कामे दिलीत तर ती मनापासून करेल.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि आठवडेवार तक्ता सोबत जोडला आहे. त्यातील एखादी गोष्ट शाळेच्या सरावात बसत नसेल तर सोमवारपूर्वी कळवावे, म्हणजे फिजिओथेरपिस्टना विचारून बदल करता येईल. शनिवारी शाळा सुटल्यावर आपल्याला दहा मिनिटे वेळ असल्यास मी भेटायला येते.

आपली नम्र,
मृण्मयीची आई