आजारपणाच्या रजेस मुदतवाढ: शिल्लक रजा संपत असल्याने अनर्जित किंवा असाधारण रजा मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 16 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, जुन्नर, जि. पुणे

अर्जदार : सुजाता विलास गाडेकर, महसूल सहायक, संजय गांधी निराधार अनुदान योजना शाखा

विषय : दि. 24 सप्टेंबर ते 7 नोव्हेंबर 2025 या 45 दिवसांसाठी वैद्यकीय कारणास्तव रजा वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

माझी सध्याची रजा मंगळवार दि. 23 सप्टेंबरला संपते आहे आणि मी 24 तारखेला हजर होऊ शकत नाही. खात्यावर आता एकही दिवस शिल्लक नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून रजा संपायच्या आत, आठवडाभर आधीच हा अर्ज करीत आहे.

रविवार दि. 13 जुलै रोजी ओतूरहून येताना पावसात दुचाकी घसरून माझ्या उजव्या पायाची, गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन नडगीत रॉड बसवला. आपल्याकडे दि. 15 जुलैला पहिला अर्ज आणि दि. 18 ऑगस्टला मुदतवाढीचा अर्ज पाठवला, तेव्हा सप्टेंबरअखेर मी टेबलावर असेन असेच डॉक्टर म्हणत होते आणि मीही तेच धरून चालले होते. मात्र दि. 11 सप्टेंबरच्या एक्स-रेमध्ये हाड एकाच बाजूने जुळू लागलेले दिसले, दुसऱ्या बाजूची फट अजून तशीच आहे. मला मधुमेह असल्याने वेळ लागतो आहे, असे अस्थिरोगतज्ज्ञांचे मत आहे. वॉकर घेऊन घरातल्या घरात, पायावर थोडाच भार देत चालायची परवानगी आहे, जिना चढायची नाही. आपली शाखा पहिल्या मजल्यावर आहे, हे वेगळे सांगायला नको. पुढचा एक्स-रे 27 ऑक्टोबरला असून दि. 7 नोव्हेंबरपर्यंत विश्रांतीचे प्रमाणपत्र दिले आहे.

रजेचा हिशेब असा. 14 जुलै ते 23 ऑगस्ट या 41 दिवसांत माझी शिल्लक असलेली सर्व अर्जित रजा खर्ची पडली. 24 ऑगस्ट ते 23 सप्टेंबर अशी 31 दिवसांची परिवर्तित रजा घेतली. तिचे दुप्पट, म्हणजे 62 दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वजा झाल्याने तेही खाते शून्यावर आले. (2023 साली डेंग्यूमुळे 8 दिवस परिवर्तित रजा घेतली होती. तेव्हाचे 16 दिवस हाताशी असते तर निदान आठवडा निघाला असता.) पुढची अर्जित व अर्धवेतनी रजा थेट 1 जानेवारी 2026 ला जमा होणार, तिचा या काळासाठी उपयोग नाही.

त्यामुळे विनंती अशी की, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधील तरतुदीनुसार हे 45 दिवस मला अनर्जित रजा म्हणून मंजूर व्हावेत. ही रजा मी याआधी कधी घेतलेली नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रावर संपूर्ण सेवेत 360 दिवसांची मर्यादा असल्याने माझी मागणी तिच्या खूप आत आहे. ही रजा म्हणजे पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनी रजेतली उचल आहे, हे मी समजून आहे. वर्षाला 20 दिवस जमा होतात, त्या हिशेबाने जानेवारी 2028 च्या जमेपर्यंत माझे खाते उणेच राहील. मधल्या काळात पुन्हा आजारी पडले तर अर्धवेतनी किंवा परिवर्तित रजा मिळणार नाही, याचीही तयारी आहे. रजा फिटण्याआधी मी स्वेच्छेने नोकरी सोडल्यास या काळातील रजावेतन वसूल करावे, असे हमीपत्र सोबत दिले आहे. तशी वेळ येणार नाही. मला कामावर परतायचे आहे आणि परतता येईल, असे डॉक्टरांनीही प्रमाणपत्रात लिहिले आहे.

पूर्ण 45 दिवस अनर्जित रजा देणे शक्य नसेल, तर किमान पहिले 20 दिवस, म्हणजे 24 सप्टेंबर ते 13 ऑक्टोबर, अनर्जित रजा आणि 14 ऑक्टोबरपासूनचे 25 दिवस असाधारण रजा द्यावी. तेही बसत नसेल तर सर्व 45 दिवस विनावेतन असाधारण रजा मला मान्य आहे. मात्र ती वैद्यकीय प्रमाणपत्रावरील असल्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि हा काळ जुलै 2026 च्या वेतनवाढीसाठी धरला जावा. नुसती 'असाधारण रजा' अशी नोंद झाली की दोन-तीन वर्षांनी पडताळणीत तिचे कारण शोधत बसावे लागते, हे आस्थापनेच्या टेबलावर असताना मी पाहिले आहे. कोणत्याही परिस्थितीत हा काळ अनधिकृत गैरहजेरी धरला जाऊ नये, एवढे मात्र कळकळीने मागते.

अर्धवेतनाला प्राधान्य का, तेही मोकळेपणाने सांगते. कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता माझ्या पगारातून कापला जातो आणि शस्त्रक्रियेसाठी घरातले साठवलेले पैसे गेले आहेत. अर्ध्या पगारात हप्ता भागतो. विनावेतन रजा झाल्यास ऑक्टोबर व नोव्हेंबरचे हप्ते मी स्वतः पतसंस्थेत भरीन, त्यासाठी कार्यालयाकडे तगादा येणार नाही.

प्रमाणपत्राबाबत काही शंका असल्यास जिल्हा शल्य चिकित्सकांकडे तपासणीसाठी पाठवावे. गाडीची सोय करून मी जाईन, फक्त दोन दिवस आधी कळवावे.

शाखेचे काम अडू नये म्हणून : कपाटाची किल्ली जुलैमध्येच नायब तहसीलदार मॅडमकडे दिली आहे. हयातीच्या दाखल्यांची नोंदवही डाव्या कप्प्यात, लाल कापडाच्या बस्त्यात आहे. ज्या लाभार्थ्यांचे दाखले यायचे बाकी होते त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलने फुली केली आहे. ते अनुदान बंद करण्याच्या यादीत चुकून जाऊ नयेत, कारण त्यातल्या बऱ्याच आजी-आजोबांना तालुक्याला येणे जमत नाही, दाखला तलाठ्यांमार्फत येतो आणि उशिराच येतो. माझ्या जागी काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांना फोनवर कधीही विचारता येईल. पाय मोडला आहे, बाकी सगळे ठीक आहे.

दि. 8 व 9 नोव्हेंबरला शनिवार-रविवार येत असल्याने त्या सुट्या रजेला जोडून घेण्याची परवानगी द्यावी. मी सोमवार दि. 10 नोव्हेंबर 2025 रोजी कार्यालयीन वेळेत योग्यता प्रमाणपत्रासह हजर होईन. 27 ऑक्टोबरच्या एक्स-रेत हाड आधीच जुळलेले दिसले, तर रजा अर्ध्यावर रद्द करून लवकर येण्यासाठी त्याच आठवड्यात अर्ज करीन.

हा अर्ज आपल्या शिफारशीसह सक्षम प्राधिकाऱ्यांकडे पाठवावा, ही नम्र विनंती. रजाकाळातील माझा पत्ता ओतूर येथील घरचाच, सेवापुस्तकात नोंदवलेला आहे.

सोबत : दि. 11 सप्टेंबरचे वैद्यकीय प्रमाणपत्र, एक्स-रे अहवालाची प्रत, शस्त्रक्रियेनंतरचे डिस्चार्ज कार्ड आणि हमीपत्र. अर्ज माझे पती श्री. विलास गाडेकर समक्ष आणून देत आहेत, कृपया त्यांच्याकडील प्रतीवर आवक क्रमांकासह पोच द्यावी.

आपली विश्वासू,
(सही)
सुजाता विलास गाडेकर
महसूल सहायक, तहसील कार्यालय, जुन्नर