उपग्रहाची कक्षीय चाल आणि उंचीवरील गुरुत्व त्वरण: आकृतीवरून सोडवलेले उदाहरण

उदाहरण: सोबतच्या छायाचित्रातील आकृतीत 500 kg वस्तुमानाचा उपग्रह पृथ्वीभोवती वर्तुळाकार कक्षेत फिरताना दाखवला आहे. (अ) त्याची कक्षीय चाल आणि (आ) त्या उंचीवरील गुरुत्व त्वरण काढा. (इ) गुरुत्व त्वरण पृष्ठभागावरील मूल्याच्या एक चतुर्थांश होईल अशा कक्षेतील चाल किती असेल?
(G = 6.67 × 10⁻¹¹ N m²/kg², M = 6 × 10²⁴ kg, R = 6400 km)

आकृतीचे वाचन: वही तिरकी धरून फोटो काढल्यामुळे कक्षा लंबवर्तुळासारखी दिसते, परंतु प्रश्नात ती वर्तुळाकार दिलेली असल्याने तेच ग्राह्य धरावे आणि आकृतीवर पट्टी ठेवून कोणतेही अंतर मोजू नये. 1600 km असे लिहिलेल्या बाणाचे खालचे टोक सावलीत गेले आहे, त्यामुळे ते अंतर केंद्रापासूनचे की पृष्ठभागापासूनचे हे नजरेने ठरत नाही. मात्र ते केंद्रापासूनचे मानले तर उपग्रह 6400 km त्रिज्येच्या पृथ्वीच्या पोटात येतो, म्हणून ती पृष्ठभागापासूनची उंची h च असली पाहिजे.

```
r = R + h = 6400 + 1600 = 8000 km = 8 × 10⁶ m
```

(अ) आवश्यक अभिकेंद्री बल गुरुत्वाकर्षणच पुरवते, म्हणून mv²/r = GMm/r². दोन्ही बाजूंचा m निघून जातो. 500 kg ही माहिती उत्तरासाठी लागतच नाही.

```
GM = 4.002 × 10¹⁴
v = √(GM/r) = √(5.0025 × 10⁷)
  ≈ 7073 m/s ≈ 7.07 km/s
```

(आ)

```
g' = GM/r² = (4.002 × 10¹⁴)/(6.4 × 10¹³)
   ≈ 6.25 m/s²
```

येथे g(1 − 2h/R) हे सूत्र वापरण्याचा मोह टाळावा. ते h हे R च्या तुलनेत फारच लहान असतानाच चालते; येथे h/R = 1/4 असल्याने ते सुमारे 4.9 m/s² असे चुकीचे उत्तर देते. आपले उत्तर तपासायचे असेल तर v²/r काढावे, कारण वर्तुळाकार कक्षेतील अभिकेंद्री त्वरण म्हणजेच त्या ठिकाणचे गुरुत्व त्वरण होय: 5.0025 × 10⁷ ला 8 × 10⁶ ने भागल्यास पुन्हा 6.25 m/s² मिळते. कक्षेत गुरुत्वाकर्षण शून्य असते हा समज किती चुकीचा आहे, हे या आकड्यावरून स्पष्ट व्हावे. तेथे ते पृष्ठभागावरील मूल्याच्या 64 टक्के आहे आणि उपग्रहाला कक्षेत वळवत ठेवण्याचे काम तेच करते.

(इ) g' हे r² च्या व्यस्त प्रमाणात असल्याने एक चतुर्थांश होण्यासाठी r = 2R, म्हणजे उंची 6400 km.

```
v = √((4.002 × 10¹⁴)/(1.28 × 10⁷))
  ≈ 5592 m/s ≈ 5.59 km/s
```

(अ) मधील कक्षेच्या तुलनेत त्रिज्या 1.6 पट झाली, तरी चाल √1.6 म्हणजे सुमारे 1.26 पटीनेच कमी झाली, तर गुरुत्व त्वरण मात्र 2.56 पटीने घटले.