गुड्डू

महादेवी अक्कलकोटची, लिंगायत घरातली, माहेरची बोली कन्नड. सुरेश बार्शीचा मराठा गडी. कॉलेजात असताना तो तिला चिठ्ठ्या लिहायचा आणि वर नाव टाकायचा गुड्डू, म्हणजे चुकून तिच्या वडलांच्या हाती लागली तरी वाटावं की कुणातरी पोराला लिहिलीय. चिठ्ठी काही सापडली नाही, पुढं लग्न झालं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच, लेक इंजिनिअरिंगला गेली तरी हा जिन्यातूनच हाक मारणार, "गुड्डूऽऽ, चहा टाक गं!"

मागच्या उन्हाळ्यात ते सोलापुरातला जुळे सोलापूर भाग सोडून शहराच्या पूर्व भागात भाड्यानं राहायला आले. खाली घरमालकीण अक्का, पद्मशाली, घरात सगळे तेलुगू बोलणारे. मागं टॉवेलचे माग दिवसभर खटखट चालू, त्यामुळं सुरेशचा आवाज अजूनच चढायचा. आणि हाक मारली की अक्काची नात खुदुखुदु हसत आत पळायची, महादेवीला वाटायचं लाजते पोरगी.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो म्हणून अक्काकडं साफसफाई जोरात चाललेली, तेवढ्यात सुरेश आला आणि नेहमीसारखा ओरडला. अक्का झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"भाऊ, रोज खाता ते ठीक हाय, पण श्रावणात तरी गल्लीला ऐकू जाईल असं कशाला मागता हो?"

"काय मागितलं मी?"

"गुड्डू! अंडं की हो!"

महादेवी वर जिन्यातच उभी होती. जिनं जन्मात अंड्याला हात लावला नाही, जिच्यासाठी नवऱ्यानं लग्नानंतर घरात साधं ऑम्लेट केलं नाही, तिला हा माणूस इतकी वर्षं अंडं म्हणून हाका मारतोय! ती मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली, अक्का पण हसायला लागल्या, नात तर लोळायचीच बाकी होती.

दोन दिवस सुरेश तिला "महादेवी" म्हणत होता, आणि ती म्हणाली, "अहो, असं बोलताय जसं बँकेत टोकन नंबर पुकारतेत."

मग अक्कांनीच सुचवलं, "बंगारम म्हणा की. सोनं. आमच्यात लाडानं तसंच म्हणतेत."

कन्नडातही सोन्याला बंगारच म्हणतात, त्यामुळं महादेवी एकदम खूश. संध्याकाळी सुरेशनं छाती फुगवून जिन्यातून हाक मारली, "बंगाऽऽरम!"

खालून अक्काच्या दोन सुना, समोरची म्हातारी आणि ती नात, सगळ्याच दारात येऊन उभ्या राहिल्या.

वरून महादेवी ओरडली, "गुड्डूच म्हणा हो! चहा टाकलाय, या वर!"